विश्रामबागेतला फ्लॅट ३० एप्रिलला रिकामा करत असल्याची लेखी सूचना

सांगली
शनिवार, दि. २८ मार्च २०२६

प्रति,
श्री. कदम काका,
मु. पुणे

विषय : शंभर फुटी रस्त्यालगतचा, विश्रामबाग येथील आपला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडणे, डिपॉझिट परत मिळणे आणि ताबा देण्याआधी एकत्र पाहणी करणे याबाबत.

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पाडव्याला फोनवर बोललो तेच आता लेखी कळवतो आहे. माझी बदली कराडला झाली आहे. रोज जाऊन-येऊन करायचा विचार केला होता, पण घरी लहान मूल आणि आईचे गुडघे, त्यामुळे ते जमण्यातलं नाही. मुलीची परीक्षा संपली की आम्ही निघू. तेव्हा आपला फ्लॅट मी गुरुवार, दि. ३० एप्रिल २०२६ रोजी रिकामा करून आपल्या ताब्यात देत आहे. १ फेब्रुवारीपासून सुरू झालेल्या आपल्या चालू करारात दोघांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी सूचना देऊन करार संपवू शकतो असं कलम आहे. आजपासून ३० एप्रिलपर्यंत ३३ दिवस होतात, म्हणजे मुदत पुरेशी भरते. हे पत्र आज व्हॉट्सॲपवर पाठवतो आहे आणि सही केलेली प्रत सोमवारी स्पीड पोस्टाने टाकतो. मिळाल्यावर ‘पत्र पोचलं’ एवढं उत्तर द्यावं.

एप्रिलचं भाडं, अकरा हजार, नेहमीप्रमाणे ५ तारखेच्या आत आपल्या खात्यात जमा करीन. बरेच लोक शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या म्हणतात. मला ते नको. भाड्याचा हिशेब भाड्याचा आणि डिपॉझिटचा डिपॉझिटचा, असं राहिलं म्हणजे कुणाच्या मनात शंका उरत नाही.

आता डिपॉझिट. २८ मे २०२२ रोजी मी आपल्याला तीस हजारांचा चेक दिला होता. गेल्या वर्षी मार्चमध्ये भाडं वाढलं, तेव्हा आणखी दहा हजार बँकेतून पाठवले. असे एकूण चाळीस हजार रुपये आपल्याकडे आहेत. चालू करारातही हाच आकडा आहे आणि रक्कम बिनव्याजी, जागा सोडताना परत करायची, असं लिहिलं आहे. माझी अपेक्षा अशी की ३० तारखेला चाव्या हातात देतानाच ही रक्कम माझ्या खात्यात यावी. एवढी रक्कम एकदम काढायला काही अडचण असेल तर ७ मेपर्यंत थांबायची माझी तयारी आहे, पण त्यापुढे नको. कराडच्या घरमालकांना मलाही डिपॉझिट द्यायचं आहे.

त्यातून काय कापायचं, हे मी आधीच माझ्या बाजूने सांगतो, म्हणजे त्या दिवशी घासाघीस नको. बाथरूममधली एक फरशी माझ्या हातून फुटली. वरून लोखंडी बादली पडली. गवंड्याने फरशीसह साडेआठशे रुपये सांगितले आहेत. ती मी १५ एप्रिलपर्यंत बसवून घेतो. स्वयंपाकघराच्या खिडकीची मच्छरदाणी मांजराने फाडली आहे, तीही बदलतो. भिंतींना आमचे मिळून बावीस खिळे आहेत (हिने मोजले). ते काढून भोकं पुट्टीने बुजवून देतो. दोन ट्यूब आणि हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर चालू स्थितीत ठेवून जाईन.

ज्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही, तेही आत्ताच बोलतो. उत्तरेकडच्या खोलीत भिंतीला ओल आहे आणि पोपडे सुटले आहेत. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी झिरपतं, असं प्लंबरने तेव्हाच सांगितलं होतं. जुलै २०२३ मध्ये आणि पुन्हा पुढच्या पावसाळ्यात मी आपल्याला फोटो पाठवले होते, ते अजूनही चॅटमध्ये आहेत. सोसायटीने वरच्यांना सांगितलं, त्यांनी फटी बुजवल्या, पण मूळ काम राहिलं ते राहिलंच. तसंच रंगाचं. आम्ही आलो तेव्हा रंग नवा होता, त्याला आता चार वर्षं होतील. सोफ्यामागे भिंत जरा काळवंडली आहे, कडप्प्याच्या कडेला तेलाचे डाग होते ते घासून काढले आहेत. राहत्या घरात एवढं होणारच. पूर्ण घर रंगवण्याचा खर्च यात धरू नये, अशी विनंती आहे.

हे इतकं सविस्तर लिहिण्याला कारण आहे. आधीच्या भाड्याच्या घरातून निघताना आम्ही चाव्या दिल्या, चहा घेतला, हसत निरोप घेतला आणि महिन्याने रंगरंगोटीच्या नावाखाली बारा हजार कमी आले. तोंडी बोलणं होतं, कागद नव्हता, काय करणार! आपण तसे नाही हे मला माहीत आहे. पण आपला हिशेब आपण दोघांनी त्या घरात उभं राहून करावा, फोनवरून नको, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्यासाठी दोन वेळा एकत्र पाहणी व्हावी अशी विनंती आहे. पहिली रविवार, दि. १९ एप्रिलला सकाळी दहा वाजता. तेव्हा सामान घरातच असेल, पण आपल्याला काही दुरुस्ती हवी वाटली तर करून द्यायला माझ्या हातात दहा-अकरा दिवस राहतील. दुसरी ३० तारखेला सकाळी अकरा वाजता, घर रिकामं झाल्यावर. टेम्पो आदल्या दिवशीच भरणार आहे. पुण्याहून दोनदा येणं आपल्याला त्रासाचं होईल, हे कळतं. पहिल्या वेळी आपल्या भाच्याला पाठवलं तरी चालेल, किंवा मी व्हिडिओ कॉलवर खोली-खोली दाखवीन. नळ सोडून, कॉक फिरवून, खिडक्यांच्या कड्या लावून सगळं दाखवतो. पण ३० तारखेला मात्र आपण स्वतः यावं. आदल्या दिवशी कोयनेने आलात तर मी स्टेशनवर घ्यायला येतो. आमच्याकडे त्या रात्री गाद्याही बांधलेल्या असतील, म्हणून मुक्काम भाच्याकडेच करावा लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

त्या दिवशी एका कागदावर ताबापावती करू. तारीख, वेळ, मीटरचं रीडिंग, चाव्यांची संख्या, ठरलेली कपात असेल तर ती आणि परत दिलेली रक्कम, खाली दोघांच्या सह्या. ताबा कोणत्या दिवशी दिला याचा कागद दोघांच्याही उपयोगाचा आहे. करार संपल्यावर जागा सोडली नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे भाडेकरूला दुप्पट भरपाई लागू शकते. आपल्यात ती वेळ कधीच येणार नाही, पण तारीख कागदावर असलेली बरी. चाव्या एकूण पाच आहेत : मुख्य दाराच्या लॅचच्या तीन, ग्रिलच्या कुलपाची एक आणि गच्चीच्या दाराची एक. लॅचची चौथी चावी २०२४ मध्ये हरवली, ती मी आपल्याला तेव्हाच कळवली होती. हवं असेल तर लॅच बदलून देतो.

विजेचं थोडं किचकट आहे. कनेक्शन आपल्या नावावर आहे आणि एप्रिलचं बिल मेच्या मध्यावर येईल. ३० तारखेला मीटरचा फोटो काढू, त्या रीडिंगपर्यंतचं बिल माझं. बिल आलं की ग्राहक क्रमांक टाकून मीच ऑनलाइन भरीन आणि पावती पाठवीन. खात्री म्हणून दोन हजार रुपये तोवर आपल्याकडे ठेवायचे असतील तर ठेवा, माझी हरकत नाही. मात्र महावितरण दरवर्षी याच सुमारास जादा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. गेल्या वर्षी ते सहाशे चाळीस रुपयांचं आलं आणि नेहमीचं बिल समजून मीच भरून टाकलं. ती ठेव कनेक्शनवर, म्हणजे आपल्या नावाने जमा राहते. तेवढे सहाशे चाळीस मला मिळावेत आणि या वर्षीचं तसं बिल आलं तर ते आपण भरावं. सोसायटीचा मेंटेनन्स एप्रिलअखेरपर्यंत मी देतो आणि सचिवांकडून बाकी नसल्याची चिठ्ठी घेऊन ठेवतो. घरपट्टी-पाणीपट्टी आधीपासून आपणच भरता.

गीझरचं राहिलं. आपला जुना गीझर डिसेंबर २०२३ मध्ये जळाला, तेव्हा ‘तू घे, मग बघू’ असं आपण म्हणाला होतात. मी पंधरा लिटरचा नवा सहा हजार आठशेला घेतला, पावती जपून ठेवली आहे. तो काढून नेला तर भिंतीत पाइप उघडे राहतील आणि येणाऱ्याची गैरसोय होईल. आपण तीन हजार दिलेत तर तो तिथेच सोडतो. नको असेल तर काढून, पाइप बंद करून देतो. १९ तारखेला ठरवू.

माळ्यावर आपल्या तीन ट्रंका आहेत आणि मागच्या खोलीत काकूंचं कुलूपबंद लोखंडी कपाट. चार वर्षांत आम्ही त्यांना हात लावलेला नाही, फक्त माळ्यावर वाळवीचं औषध मारलं होतं. पाहणीच्या वेळी तेही उघडून बघावं.

नवीन भाडेकरूंना घर दाखवायचं असेल तर संध्याकाळी सहा ते आठ किंवा रविवारी केव्हाही, फक्त आदल्या दिवशी फोन करून. परीक्षेच्या आठवड्यात एवढी मेहेरबानी करावी. कुणी विचारलं तर घराबद्दल मी चांगलंच सांगेन, ओलीसकट. पाणी वेळेवर, शेजार चांगला, दारात रिक्षा मिळते. सांगलीत याहून काय हवं?

काकूंच्या तब्येतीला जपा. आपलं उत्तर ५ एप्रिलपर्यंत आलं तर मला पुढची जुळवाजुळव सोपी जाईल.

आपला नम्र,
संदीप माने

ता. क. काकूंनी लावलेली बाल्कनीतली जाई आता ग्रिलच्या वरपर्यंत गेली आहे. कुंडी जड आहे आणि खरं तर ती घराचीच, म्हणून नेत नाही. ३० तारखेपासून नवीन माणूस येईपर्यंत तिला पाणी घालायला शेजारच्या वहिनींना सांगून ठेवतो.