तासगाव–सांगली रस्त्यालगत रात्री टायर जाळले जात असल्याबाबत तक्रार

दिनांक : 3 मार्च 2025

प्रति,
मा. उप-प्रादेशिक अधिकारी,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ,
उप-प्रादेशिक कार्यालय, सांगली

विषय : रस्त्यालगतच्या टायर दुकानामागे जुने टायर उघड्यावर जाळण्यात येत असल्याबाबत. रात्रीच्या वेळी, पूर्वसूचना न देता पाहणी व्हावी.

महोदय,

मी गणेश मळा, ता. तासगाव येथे राहते. आमच्या वस्तीला लागून, मुख्य रस्त्याच्या कडेला पंक्चर आणि रिमोल्डचे दुकान आहे. त्या कामाबद्दल आमची काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती दुकानामागे पत्रे उभे करून बंद केलेल्या जागेबद्दल. तिथे ट्रक-ट्रॅक्टरचे निकामी टायर आणून टाकतात, अंधार पडला की पेटवतात आणि रबर जळून उरलेली लोखंडी तार सकाळी भंगारात पाठवतात. दिवाळीपासून हे आठवड्यातून तीन-चार रात्री चालू आहे.

एकदा पेटलेला टायर पाणी मारूनही लवकर विझत नाही, तासन् तास धुमसत राहतो. थंडीत रात्री हवा पडलेली असल्याने धूर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि थेट आमच्या घरांत येतो. टायरमध्ये गंधक असते, त्यामुळे जळताना सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, बेन्झीन आणि छातीत खोल जाणारी बारीक काजळी असते. हे आपल्याला मी सांगावे असे नाही. पण शेजारच्या घरातील दम्याच्या आजींना अशा रात्री उठून बसावे लागते आणि सकाळी लहान मुलांच्या नाकातून काळे येते, हे कागदावर कुठेतरी नोंदले जावे म्हणून लिहिते. पत्र्याआड काम करणारी पोरे तर तोंडाला रुमालसुद्धा न बांधता त्याच धुरात उभी असतात. त्यांचीही आम्हाला काळजी वाटते.

दुसरे नुकसान बेदाण्याचे. सध्या हंगाम भरात आहे. दुकानापासून हाकेच्या अंतरावर आमच्या वस्तीतील शेतकऱ्यांची शेड आहेत. डिपिंग केलेली द्राक्षे जाळ्यांवर पंधरा दिवसांच्या आसपास वाळत असतात. वारा खेळावा म्हणून शेड बाजूंनी मोकळी असतात, फार तर शेडनेट. काजळी त्यातून आत येते आणि ओलसर, तेलकट मण्याला चिकटून बसते. नुसत्या पाण्याने ती जात नाही. पिवळ्या-हिरव्या मालावर काळी झाक दिसली की सौद्यात दर पाडून मागतात. वर्षभर बागेत राबलेल्या माणसाचा माल दुसऱ्याच्या तारेपायी उतरवला जातो, हे आम्हाला सहन होत नाही.

जळलेल्या जागेवर राखेचा आणि तेलकट डांबरासारखा थर साचला आहे. उतार ओढ्याकडे आहे आणि ओढ्याकाठी पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. पावसाळ्याआधी हा थर उचलला गेला नाही, तर तो कुठे जाईल हे सांगायला नको.

स्थानिक ग्रामपंचायतीला आम्ही तोंडी कळवले होते. कर्मचारी दुपारी आले, तेव्हा काहीच पेटलेले नव्हते, म्हणून ते परत गेले. दिवसा येणाऱ्याला तिथे फक्त पंक्चरचे दुकान दिसते. म्हणूनच माझी मुख्य विनंती अशी की, क्षेत्र अधिकाऱ्यांना रात्री नऊ ते बाराच्या दरम्यान, दुकानदाराला न कळवता पाठवावे. काही कारणाने दिवसाच यावे लागले, तर पत्र्यामागे जावे. जळून तांबूस झालेल्या तारेच्या गुंडाळ्या, राखेचा ढीग आणि काळी पडलेली माती तिथे कायम असते. मातीचे आणि विहिरीच्या पाण्याचे नमुने घ्यावेत.

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1981 च्या कलम 24 नुसार आपल्याला प्रवेश व तपासणीचा अधिकार आहे. या जागेला मंडळाचे संमतीपत्र आहे का, ते तपासून आम्हाला लेखी कळवावे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये कचरा उघड्यावर जाळण्यास देशभर मनाई करून दंड ठरवून दिला आहे. तो इथे लागू करावा आणि दंड भरूनही जाळणे थांबले नाही, तर कलम 31-अ खाली मागची जागा बंद करण्याचे निर्देश द्यावेत. जुने टायर आणि जळालेला थर योग्य ठिकाणी हलवण्याचा खर्च जागा चालवणाऱ्याकडून घ्यावा.

पाहणीच्या वेळी रस्ता दाखवायला आणि पंचनाम्यावर सही करायला वस्तीतील माणसे तयार आहेत. त्यांचे मोबाइल क्रमांक सह्यांच्या कागदावर आहेत. तक्रारदारांची नावे दुकानदाराला कळू देऊ नयेत, ही विनंती. अर्जाची पोच व आवक क्रमांक मिळावा.

आपली विश्वासू,
सुनंदा रामचंद्र माळी
गणेश मळा, तासगाव–सांगली रस्ता, ता. तासगाव, जि. सांगली

सोबत :
1. वेळ-तारखेसह रात्रीचे फोटो आणि चित्रफिती (पेन ड्राइव्ह)
2. जागेचा हाताने काढलेला नकाशा, ओढा व विहीर दाखवून
3. रहिवासी व बेदाणा शेडधारकांच्या सह्या

प्रत माहितीसाठी :
मा. प्रादेशिक अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, कोल्हापूर
मा. जिल्हाधिकारी, सांगली