विषय: चौथा भाग अपुरा आहे – नवं वेळापत्रक, उद्या दुपारपर्यंत उत्तर हवं

तन्वी, ओंकार, सलोनी,

उद्या, शुक्रवारी 12 तारखेला, मी विश्लेषणाचा चौथा भाग पूर्ण करून द्यायचा होता. तो उद्या होणार नाही. निम्माच झालाय.

अडचण सोमवारीच माझ्या लक्षात आली होती. तरी मंगळवारी सलोनीने ग्रुपवर विचारलं तेव्हा मी "चालू आहे" एवढंच लिहिलं. एका रात्रीत निस्तरेल असं वाटलं होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर तुमचे तीन दिवस वाचले असते. याबद्दल मनापासून सॉरी.

काय झालं ते सांगते. झोपेचे तास काढायला मी हे सूत्र वापरलं होतं:

```
=MOD(C2-B2,1)*24
```

B मध्ये झोपायची वेळ, C मध्ये उठायची. मध्यरात्र ओलांडली तरी हे सूत्र बरोबर चालतं, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण आपल्या फॉर्ममध्ये वेळ मोकळ्या चौकटीत लिहायची होती आणि बऱ्याच जणांनी रात्रीचे साडेबारा नुसते 12:30 असे लिहिलेत. शीटने ते दुपारचे धरले. साडेबाराला झोपून साडेसहाला उठणाऱ्याची झोप 18 तास! कुणी 11:00 लिहिलंय, तिथे सकाळचे अकरा. 214 पैकी 31 ओळींत झोप 14 तासांच्या वर दिसतेय. सरासरी साडेआठ तास येत होती आणि आपण सगळे त्यावर खूश होतो. दुरुस्तीनंतर ती पावणेसातच्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे. म्हणजे अहवालाचा सूरच बदलतो.

या 31 पैकी 26 ओळी सरळ आहेत. प्रश्न रात्रीच्या झोपेचा होता, तेव्हा 8 ते 11:59 मध्ये 12 तास मिळवायचे आणि 12 ते 12:59 मधून 12 तास वजा करायचे. उरलेल्या 5 मध्ये उठायची वेळही संदिग्ध आहे. एकीने 8:00 ते 2:00 लिहिलंय. ती रात्रपाळी करत असेल तर सकाळी झोपत असेल, कसं ठरवणार? या पाच ओळी गाळाव्यात असं माझं मत आहे. मात्र हा नियम आपण आत्ताच ठरवू, दुरुस्तीनंतर झोप आणि स्क्रीनचा वेळ यांचा संबंध काय निघतो ते पाहण्याआधी. नंतर ठरवलं तर आपल्याला हवं ते ठेवलं, नको ते काढलं असं होईल, आणि तोंडी परीक्षेत ते कुणीही विचारेल.

दुसरी चूकही माझीच. स्क्रीनचा वेळ आपण गटांत विचारला होता (1 ते 2 तास, 2 ते 4 तास वगैरे) आणि मी त्या गटांना 1 ते 5 आकडे देऊन पिअरसन सहसंबंध काढला. गटांमधली अंतरं सारखी नाहीत, त्यामुळे इथे क्रमांकावर चालणारा स्पिअरमन जास्त योग्य. तो नव्याने काढते.

आता वेळापत्रक. सादर करायची तारीख शुक्रवार 19 हीच राहू दे. मुदत वाढवून मागावी असं मला वाटत नाही, कारण काम बसतंय. शनिवारी 13 ला रात्री मी दुरुस्त फाइल sleep_clean_v3.xlsx या नावाने ड्राइव्हवर टाकते. रविवारी दुपारपर्यंत तक्ते, सोमवारी 15 ला रात्री 8 पर्यंत पूर्ण चौथा भाग.

तन्वी, सगळ्यात जास्त फटका तुला बसतोय. निष्कर्षाला तुझ्याकडे पाच दिवस होते, आता सोमवार रात्र ते बुधवार रात्र एवढेच. म्हणूनच तक्ते आधी देतेय, म्हणजे तुला रविवारपासून सुरुवात करता येईल. शिवाय संदर्भांची यादी जुळवायचं तुझं काम माझ्याकडे दे.

ओंकार, जुन्या फाइलवरून केलेला सरासरीचा आलेख कृपया स्लाइडमधून आत्ताच काढ. बाकी स्लाइड जशाच्या तशा राहू देत. सलोनी, पद्धतीच्या भागात झोपेच्या विश्लेषणासाठी 214 ऐवजी 209 लागेल आणि पाच ओळी का गाळल्या याचं एक वाक्य. ते मी लिहून पाठवते, तू फक्त तपास.

गुरुवारी 18 ला संध्याकाळी 7 वाजता चौघं मिळून पूर्ण अहवाल एकदा मोठ्याने वाचू. शुक्रवारी दुपारी 12 च्या आत सादर.

रविवारी रात्री 9 पर्यंत माझे तक्ते आले नाहीत, तर वर्षनिहाय तुलनेचा उपप्रश्न आपण सोडून द्यायचा. तो गेला तरी मुख्य प्रश्नाला धक्का लागत नाही. आणि या वेळी रोज रात्री 10 ला ग्रुपवर किती झालं ते नेमकं लिहीन, काही झालं नसेल तरी.

पाच ओळी गाळायच्या का आणि या तारखा जमतात का, एवढं उद्या दुपारी 1 पर्यंत कळवा. कुणाची त्या आठवड्यात दुसरी परीक्षा असेल तर आत्ताच सांगा, तारखा हलवू.

मृण्मयी