स्प्रिंट १४ : उशिरा सापडलेल्या दोषांविषयी रेट्रो बैठकीची टिपणे

उपस्थिती : डेव्हलपर ४, टेस्टर १, प्रॉडक्ट ओनर आणि टिपणे घेणारा मी. प्रकल्प : दूध संकलन प्रणाली, खानापूर, निपाणी व चिकोडी भागांतील संस्थांसाठी. बैठक बेळगाव कार्यालयात झाली.

या स्प्रिंटमध्ये एकूण ३१ दोष नोंदले गेले. त्यांपैकी २२ शेवटच्या तीन दिवसांत सापडले आणि त्यातले ५ तर खानापूर भागातील एका संस्थेचे सचिव डेमो पाहायला आले तेव्हा त्यांनीच दाखवले. हे पाचही आपण आधी धरायला हवे होते, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते.

सुरुवातीला चर्चा अपेक्षित वळणावर गेली. टेस्टिंग उशिरा सुरू झाले, असे डेव्हलपर म्हणाले; टेस्टरताईंनी शांतपणे दाखवून दिले की टेस्ट सर्व्हरवर पहिला बिल्ड दहा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये आठव्या दिवशी सायंकाळी आला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्याने आम्ही तो वाद तिथेच सोडला आणि प्रत्येक उशिराच्या दोषासमोर एकच प्रश्न लिहिला : हा लवकरात लवकर कधी सापडू शकला असता? उत्तर असे आले : ९ दोष स्टोरी वाचतानाच, ८ युनिट टेस्टमध्ये, ३ खरे उपकरण हाताशी असते तर, आणि केवळ २ खरोखरच शेवटी, सगळे भाग जोडल्यावर.

सचिवांनी दाखवलेला दरातील दोष सविस्तर नोंदवतो, कारण बाकीच्या अनेकांचे मूळ त्यातच दिसते. त्यांनी आपली वही उघडून फॅट ३.३ च्या गायीच्या दुधाची पावती मागितली आणि पावतीवर ३.२ चा दर आला. आमचा दरतक्ता ३.० पासून ०.१ ची भर घालत तयार होतो आणि तिथे पुढील गोष्ट घडते :

```
3.2 + 0.1   // 3.3000000000000003
```

मशीनवरून आलेला ३.३ हा आकडा या पायरीपेक्षा किंचित लहान ठरतो आणि शेतकऱ्याला खालचा दर मिळतो. आमच्या टेस्टमध्ये फॅट ३.५ आणि ४.० एवढेच आकडे होते, तेही दरतक्त्यात हाताने भरलेले. त्यामुळे भर घालणारा कोड टेस्टमध्ये कधी चाललाच नाही. वहीतली दहा पाने आम्ही पहिल्याच दिवशी मागितली असती, तर हा दोष तासाभरात सापडला असता. यापुढे फॅट दशांशांच्या पूर्णांकात (३.३ म्हणजे ३३) आणि रक्कम पैशांत साठवली जाईल.

दुसरा दोष आपल्या लिपीचा आहे. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव एका संगणकावर ‘ऱ’ वापरून आणि दुसऱ्यावर ‘र’, हलंत व अदृश्य जोडचिन्ह वापरून टाइप झाले. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण शोधात एकच सभासद सापडतो. NFC रूपांतराने हा फरक मिटत नाही, म्हणून नाव साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी पुढील नियम लागू होईल :

```
s.normalize("NFC").replace(/\u0930\u094D\u200D/g, "\u0931\u094D")
```

पावतीच्या प्रिंटरविषयी लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते. ५८ मिलिमीटरचा प्रिंटर पहिले आठ दिवस कपाटात खोक्यात बंद होता आणि सर्वांनी पावती पीडीएफवरच पाहिली. नवव्या दिवशी तो जोडला तेव्हा मराठी जोडाक्षरे फुटली, कन्नड नावांची दुसरी ओळ कापली गेली. आता पावती चित्ररूपात पाठवायचे ठरले असून प्रिंटर डेव्हलपरांच्या टेबलावर राहील.

पुढील स्प्रिंटपासून कोणत्याही स्टोरीचे काम सुरू होण्याआधी प्रॉडक्ट ओनर, एक डेव्हलपर आणि टेस्टरताई वीस मिनिटे एकत्र बसतील व संस्थेच्या खऱ्या नोंदींतून किमान सहा उदाहरणे लिहितील, ज्यांत दराच्या सीमेवरचे आकडे आणि दोन्ही लिपींतील नावे असलीच पाहिजेत. हीच उदाहरणे डेव्हलपर युनिट टेस्टमध्ये उतरवतील. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय कोड मुख्य शाखेत जाणार नाही. टेस्ट सर्व्हरवर दुसऱ्या दिवसापासून रोज सायंकाळी बिल्ड जाईल, मग तो अर्धवट का असेना. अर्धवट बिल्डवर दोषांचा ढीग नोंदला जाईल, ही एका डेव्हलपरची शंका रास्त वाटली. म्हणून चालू स्टोरीतील दोष यादीत न नोंदवता टेस्टरताई संबंधित डेव्हलपरला थेट सांगतील.

आणखी एक टेस्टर घेण्याच्या मागणीवर एकमत झाले नाही. माझे मत असे की, आठव्या दिवशी येणारा बिल्ड दोघांना दिला तरी तो आठव्या दिवशीच येणार. हा विषय दोन स्प्रिंटनंतर, उशिराच्या दोषांची हीच वर्गवारी पुन्हा करून, चर्चेला घेतला जाईल.

वहीच्या पानांच्या प्रती मागण्यासाठी प्रॉडक्ट ओनर सोमवारी सचिवांना फोन करतील.