विषय: राजीनामा, आणि १७ जुलैला कार्यमुक्त करण्याबाबत

प्रति: प्रसाद सर
प्रत: एचआर विभाग, वैशालीताई
दिनांक: १८ मे २०२६

आदरणीय सर,

शुक्रवारी आपलं बोलणं झालंच आहे, आता रीतसर कळवते. आयआयटी मुंबईत कॉम्प्युटर सायन्सच्या एम.टेक.साठी माझी निवड झाली असून मी ती जागा स्वीकारली आहे. त्यामुळे सॉफ्टवेअर इंजिनिअर या पदाचा राजीनामा देत आहे. दोन महिन्यांची नोटीस आजपासून धरली, तर शुक्रवार, १७ जुलै हा माझा शेवटचा दिवस ठरतो. वर्ग जुलैअखेरीस सुरू होतील, म्हणून नोटीस कमी करून मागत नाही. पूर्ण भरते.

पगार किंवा दुसऱ्या कंपनीची ऑफर हे कारण नाही, हे पुन्हा लिहिते, कारण जेवणाच्या सुट्टीत तशी कुजबुज कानावर आली. तिथे दरमहा १२,४०० रुपये स्टायपेंड मिळेल, यावरून हिशेब लागेलच! खरं कारण आपल्याच कामातलं आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नेट गेलेलं असताना पावत्या तिथेच साठवायच्या आणि लाइन आली की मुख्य ऑफिसच्या डेटाशी जुळवायच्या, हे आपण अनुभवाने बसवलं. ते चालतंय, पण काही ठिकाणी का चालतंय हे मला नीट सांगता येत नाही. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स मुळापासून शिकायच्या आहेत, त्या यासाठी.

आता हँडओव्हर. सीझन संपलेला आहे आणि बॉयलर पेटायला दसरा-दिवाळी उजाडेल, म्हणजे वेळ सोयीची आहे. ऊस बिलाचं मॉड्यूल अक्षयने घ्यावं असं मला वाटतं. एफआरपीचा दर, १०.२५ टक्के उताऱ्याच्या वरचा प्रीमियम आणि तोडणी-वाहतुकीची वजावट हे कोड वाचून समजतं. अडतं ते सोसायटीच्या कर्जकपातीपाशी, कारण प्रत्येक कारखान्याचा कपातीचा क्रम वेगळा आहे आणि तो बराचसा तिथल्या अकाउंटंट मंडळींच्या डोक्यात आहे. जूनमध्ये अक्षयला घेऊन प्रत्येक कारखान्यावर एकदा जाऊन यावं म्हणते. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. त्यामुळे नोव्हेंबरात पहिल्या पंधरवड्याचं बिल अडकून चालणार नाही.

वजनकाट्याचा भाग मात्र कोणी नवा माणूस नुसता वाचून उचलेल असं वाटत नाही. एका कारखान्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवर वजनाचे आकडे उलटे पाठवतो. म्हणजे १२३४० किलोची ट्रॉली आपल्याकडे ०४३२१ अशी येते आणि `weigh_reader.py` ती सुलटी करते. ती ओळ कोणी फालतू समजून काढली, तर शेतकऱ्याच्या पावतीवर काय छापलं जाईल ते सांगायला नको. अशा सगळ्या जागा लिहून काढते आहे, निम्म्या झाल्या. बॅकअपची स्क्रिप्ट, सर्व्हरचे पासवर्ड आणि कारखान्यांचे संपर्क ३० जूनपर्यंत वैशालीताईंकडे देते. नंतरही, विशेषतः मोळी टाकल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, काही अडलं तर संध्याकाळी फोनवर मी आहे. त्याचे पैसे नकोत.

सर, आभार मानायचे तर सुरुवात काट्यापासूनच करावी लागेल. रुजू झाल्यावर तुम्ही मला कॉम्प्युटरपुढे न बसवता आधी रात्रपाळीला काट्यावर पाठवलंत. तेव्हा राग आला होता. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की आकडा कसा नाचतो, ड्रायव्हर इंजिन बंद करायला कसा कुरकुरतो आणि मागे रांगेतले हॉर्न वाजवून काटेवाल्याला कसं घाईला आणतात, हे तिथे पाहिलं. वजन स्थिर होईपर्यंत पावतीचं बटण चालूच होऊ द्यायचं नाही, हे मला तिथे सुचलं. जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीला महामार्ग बंद होता, तेव्हा खालच्या मजल्यावरचा सर्व्हर तुम्ही स्वतः आमच्याबरोबर उचलून वर नेलात, तेही विसरणार नाही. आणि ऐन सीझनमध्ये, फेब्रुवारीत, गेटच्या परीक्षेसाठी सुट्टी दिलीत. वैशालीताईंनी तेव्हा माझे सपोर्टचे फोन घेतले आणि मला एकदाही ऐकवलं नाही. ताई, थँक यू.

एचआरला विनंती: प्रवेशाच्या कागदपत्रांसाठी रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं प्रमाणपत्र १७ तारखेलाच हातात मिळालं तर बरं होईल. शिल्लक रजा मी घेणार नाही, अंतिम हिशेबात धरावी. लॅपटॉप आणि ओळखपत्र त्याच दिवशी जमा करते.

अक्षयबरोबरची पहिली बैठक उद्या अकरा वाजता ठेवू का? त्याला अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुम्ही बोलावं, मग मी.

आपली नम्र,
स्नेहल
सॉफ्टवेअर इंजिनिअर, कोल्हापूर