होय, कंडक्टरच होते

नमस्कार.

'कंडक्टरच होते ना, कलेक्टर तर नव्हते! सुट्टे बुडवणाऱ्यांचंही आता स्मारक बांधा,' असं तुम्ही, माझे वडील नाना गेल्यावर मी टाकलेल्या त्यांच्या फोटोखाली लिहिलंत. त्यातलं पहिलं अगदी खरं आहे. १९८४ ते २०१६ अशी बत्तीस वर्षं नाना एसटीत कंडक्टर होते. आमच्या घरात ते नेहमी अभिमानानंच सांगितलं गेलं.

सुट्ट्यांबद्दल तुमचा अनुभव वाईट असेल, तर तो मी खोटा ठरवणार नाही. पाच-दहा रुपयांसाठी स्टँडवर ताटकळणं, वर कंडक्टरचं खेकसणं, हे मीही प्रवासी म्हणून सोसलंय. तुमचा राग असाच कुठून तरी आला असेल. नानांपुरतं मात्र मला ठाऊक आहे ते सांगते. सुट्टे नसले की ते तिकिटाच्या पाठीमागे बाकी लिहून द्यायचे आणि उतरताना स्वतः हाक मारायचे, "मावशी, तुमचे तीन रुपये राहिलेत." रात्री आगारात वेबिलाप्रमाणे हिशेब लागायचा. कमी पडले तर खिशातून भरायचे. आई त्या दिवशी काही विचारायची नाही, नुसतं पान वाढायची.

आणखी एक सांगते, कारण पोस्टमध्ये ते राहून गेलं. पाटण तालुक्यातल्या एका मुक्कामी गाडीवर ते बरीच वर्षं होते. पहाटे गाडी निघताना बायका कराडला शिकणाऱ्या पोरांचे डबे त्यांच्याकडे द्यायच्या. कापडात बांधलेले, गाठीत नावाची चिठ्ठी खोचलेली. नाना ते आपल्या सीटखाली ठेवायचे, वळणावर कलंडू नयेत म्हणून पायानं धरून. एखादं पोर स्टँडवर आलं नाही, तर सुटलेल्या वेळात डबा खोलीवर पोचवून यायचे. हे त्यांच्या नोकरीत कुठंही लिहिलेलं नव्हतं. परवा दिवसांना आलेल्यांमध्ये त्यातलेच दोघं होते, आता पन्नाशीकडे झुकलेले. त्यांच्याकडूनच मला हे कळलं. नानांनी घरी कधी सांगितलं नव्हतं.

फोटोतला तो पंच आणि तिकिटांचा पत्र्याचा ट्रे म्हणूनच जपून ठेवलाय. स्मारक म्हणाल तर आम्हाला तेवढं पुरे आहे.

तुम्ही नानांना ओळखत नव्हता, त्यामुळे तुमच्याविषयी माझ्या मनात काही नाही. तुमची कमेंट मी काढणार नाही. माझ्या बाजूनं एवढंच. यापुढे मी उत्तर दिलं नाही तर राग धरलाय असं समजू नका. इथं जे जवळचे आहेत त्यांनाही विनंती, यांना कुणी काही बोलू नका. नानांच्या नावाखाली भांडण नको.

आईला भेटायला माणसं आलीत, चहा ठेवायचाय. निघते.

काळजी घ्या.