हाताने शिवलेली सुती गोधडी, एकेरी, 5 × 7 फूट

वर-खाली जुन्या, स्वच्छ धुतलेल्या सुती साड्या, मध्ये सुती कापडाचे दोन थर. आत कापूस किंवा फोम नाही. वजन साधारण दीड किलो. ठाण्याच्या थंडीला आणि एसीच्या खोलीत पुरते; महाबळेश्वरच्या डिसेंबरात एकटी पुरणार नाही.

फोटोत दिसते तीच गोधडी मिळेल, अशी दुसरी नाही. निळा रंग प्रत्यक्षात थोडा गडद आहे. एका कोपऱ्याजवळ बोटभर रफू आहे, तिसरा फोटो नक्की पाहा. टाके हाताचे, म्हणून थोडे मागेपुढे.

पहिल्या दोन धुण्यांत रंग जाऊ शकतो, त्यामुळे वेगळी आणि थंड पाण्यात धुवा. मशीनमध्ये घालू नका, टाके उसवतात.

किंमत 1,450 रुपये. ठाण्यातल्या नौपाड्यातून स्वतः नेता येईल. कुरिअरने महाराष्ट्रात कुठेही 120 रुपये जादा. न वापरलेली गोधडी 7 दिवसांत परत घेऊ, परतीचं कुरिअर तुमच्याकडे. वर न सांगितलेला दोष निघाला, तर तो खर्चही आमचा.