उद्या सकाळी मार्केट उघडायच्या आधी हे वाच

बाबा रे, आज एक्सपायरीला निफ्टीच्या पुटमध्ये 42 चे 310 झाले, 2 लॉट म्हणजे 150 क्वांटिटी, 40,200 प्रॉफिट. मस्त. पण आता जे डोक्यात चाललंय ना की "5 लॉट घेतले असते तर लाख झाले असते", ते इथेच थांबव. 5 लॉट असते तर प्रीमियम 23.50 ला आला तेव्हा घाबरून तूच विकून मोकळा झाला असतास, स्टॉप 22 ला होता, दीड रुपयाने वाचलास, त्यात तुझी हुशारी शून्य. आणि नंतरचा तो स्फोट एक्सपायरीच्या दुपारचा गॅमा होता, रोज नसतो तो, बाकी दिवशी थीटा गपचूप प्रीमियम खात बसतो.

सेबीच्या 2024 च्या रिपोर्टमध्ये 3 वर्षांत 93% रिटेलवाले एफअँडओत लॉसमध्ये होते, त्यातल्या बऱ्याच जणांना असा एखादा दिवस नक्की आला असणार.

तर 30,000 आजच बँकेत विड्रॉ टाक, या प्रॉफिटवर स्लॅबने टॅक्स पण लागणारे. महिनाअखेरपर्यंत कॅपिटल 3 लाखच धरायचं, एका ट्रेडला रिस्क जास्तीत जास्त 3,000, लॉट 2 च. "हे काय मार्केटचेच पैसे आहेत" असलं काही मनात आलं तर टर्मिनल बंद कर आणि चहा टाक. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नकोस, वाहवा झाली की हात जास्तच शिवशिवतात. उद्या सेटअप दिसला नाही तर ट्रेडच नाही.